सात सेंटिमीटरवर थांबा

नाडीची पिशवी कशी शिवायची, हे तीन वाक्यांत सांगता येतं. कापड मधोमध दुमडा, दोन्ही बाजू शिवा, तोंडाशी नेफा घालून नाडी ओवा. ज्याला शिवता येतं त्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. ज्याला येत नाही, त्याच्या हाती या तीन वाक्यांतून काहीच लागत नाही. पहिल्यांदा शिवणाऱ्याची गाडी जिथे अडते त्या सगळ्या जागा या वाक्यांच्या मधल्या फटींत असतात.

माझ्या भाचीला मशीन मिळालं होतं. सरळ टीप मारता येत होती, बॉबिन भरता येत होती, त्यापुढचं काही नाही. ती म्हणाली, "मावशी, समोर बसून शिकवू नकोस. एका कागदावर लिहून दे. तू शेजारी असलीस की माझ्या हातातलं कापड काढून घेतेस आणि स्वतःच शिवतेस." आरोप खरा होता, म्हणून मी कागद लिहायला बसले. अट एकच, सगळं एका पानात मावलं पाहिजे, कारण मशीनसमोर बसलेल्या माणसाला पान उलटायला हात मोकळा नसतो.

पानाच्या डोक्यावर काय लिहायचं, इथूनच विचार सुरू झाला. बहुतेक सूचनांमध्ये आधी साहित्याची यादी असते. सुई, दोरा, कात्री, टाचण्या हे तिच्याकडे होतंच. मी पहिल्या ओळीत तयार पिशवीचं माप लिहिलं, रुंदी २५ सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर. त्याखाली कापायचं माप, २८ बाय ६८ चा एकच तुकडा. दोन्ही मापं एकाखाली एक दिसली की वाचणाऱ्याच्या मनात आपोआप प्रश्न उठतो की हे रुंदीतले ३ आणि दुप्पट उंचीवरचे ८ सेंटिमीटर जास्तीचे कुठे जाणार आहेत. हा प्रश्न कापड कापण्याआधी पडणं फार गरजेचं आहे. तो कापून झाल्यावर पडला तर पिशवी लहान झालेली असते.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. प्रत्येक बाजूला दीड सेंटिमीटर शिलाईसाठी सोडायचं, दोन बाजूंचे मिळून तीन. २५ अधिक ३ म्हणजे २८. सराव असलेली माणसं एका सेंटिमीटरवर भागवतात, पण पहिल्यांदा शिवणाऱ्याला मी दीडच सांगते. टीप थोडी वाकडी गेली तरी कडेला पुरेसं कापड उरतं, आणि पुढे तोंडाशी हेच मार्जिन आत दुमडून शिवायचं आहे. एक सेंटिमीटरची दुमड नवख्या बोटांतून सारखी निसटते.

उंचीचा हिशेब थोडा सावकाश करावा लागतो. पिशवीच्या तळाशी शिलाई नाही, तिथे कापडाची घडी आहे. म्हणजे एकच लांब तुकडा समोरून वर जातो आणि मागूनही वर जातो. ३० दुणे ६०. शिवाय दोन्ही टोकांना नेफ्यासाठी कापड हवं. नेफा ३ सेंटिमीटरचा, आणि त्याची कच्ची कडा आत लपवायला आणखी १, असे प्रत्येक टोकाला ४. दोन टोकांचे ८ मिळून ६८. कापडावर एका दिशेनं उभी राहणारी नक्षी असेल, फुलं वर आणि देठ खाली अशी, तर हा एका तुकड्याचा बेत चालत नाही. मागच्या बाजूची फुलं उलटी लटकतात. तेव्हा २८ बाय साडेपस्तीसचे दोन तुकडे कापायचे आणि तळालाही दीड सेंटिमीटरवर शिलाई घालायची. हे मी कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात टाकलं. भाचीनं साधं एकरंगी सुती कापड घेतलं होतं, त्यामुळे तिला त्या ओळीची गरज नव्हती.

नाड्या दोन. प्रत्येकीची लांबी काढायची तर तयार रुंदीची दुप्पट करून त्यात २५ मिळवायचे. इथे ५० अधिक २५, म्हणजे ७५ सेंटिमीटर. तयार दोरी घेतली तर तेवढीच कापायची. त्याच कापडाची नाडी करायची असेल तर ४ सेंटिमीटर रुंद आणि ७७ लांब अशा दोन पट्ट्या. पट्टीची दोन्ही टोकं एकेक सेंटिमीटर आत दुमडायची, मग दोन्ही लांब कडा मध्यरेषेपर्यंत आणायच्या, पुन्हा मधोमध घडी घालायची आणि मोकळ्या कडेनं टीप मारायची. चारच्या चौपट घडीतून एक सेंटिमीटरची चपटी, मजबूत नाडी तयार होते.

आता हे सगळं कापडावर मांडून पाहा. काठाला समांतर जाणारी दिशा म्हणजे उभा धागा. ६८ सेंटिमीटरची बाजू आणि नाडीच्या ७७ सेंटिमीटरच्या पट्ट्या, तिन्ही उभ्या धाग्यात ठेवायच्या. आडव्या दिशेला २८ आणि दोन पट्ट्यांचे ८ मिळून ३६ सेंटिमीटर लागतात. म्हणजे ८० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद एवढ्या तुकड्यात पिशवी नाड्यांसकट बसते. आजूबाजूला ज्या चिंधोट्या उरतात त्या टाकायच्या नाहीत. टीप कशी पडते ते आधी त्यांच्यावर बघायचं.

उभा धागा ओळखायला काठ नसेल तर कापड हातात धरून ताणून बघावं. उभ्या दिशेला ते जवळजवळ ताणलं जात नाही, आडवं किंचित ताणलं जातं, आणि तिरकं ओढलं तर चक्क लांबतं. कापताना तुकडा धाग्याला तिरका गेला, तर त्या दिवशी पिशवी चांगली दिसते आणि एकदोन धुण्यांत पीळ घेते. बाजूची शिलाई समोर सरकून येते. मग लोक शिलाईला दोष देतात, पण ती बिचारी सरळच असते. वाकडं कापलेलं कापड आपल्या मूळ धाग्याकडे परत गेलेलं असतं.

कापायच्या आधी सुती कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यायचं, हीसुद्धा एक ओळ. नवं सुती कापड पाच टक्के आटलं, तर ६८ सेंटिमीटरच्या तुकड्यातले जवळजवळ साडेतीन सेंटिमीटर जातात. पिशवीपुरतं ते चालूनही जाईल. पण कापड आणि टिपेचा दोरा सारखे आटले नाहीत, तर शिलाईच्या कडेनं कायमच्या चुण्या पडतात. इस्त्रीनं त्या बसत नाहीत.

इथपर्यंतचा कागद कुणीही लिहील. खरी अडचण पुढच्या ओळीशी आली. बाजू शिवायच्या, पण कुठून कुठपर्यंत?

नाडी नेफ्यात शिरायला आणि बाहेर यायला तोंड हवं. म्हणून बाजूची शिलाई अगदी वरपर्यंत न्यायची नाही, वर थोडी फट सोडायची, हे कळतं. ती फट किती सोडायची, यावर नवखा माणूस विचार करतो की नेफा ३ सेंटिमीटरचा, मग ३ सोडू. जरा जास्त विचार करणारा म्हणतो, आत दुमडायचा १ धरून ४ सोडू. दोन्ही उत्तरं तर्काला धरून वाटतात आणि दोन्हींनी नाडीचं तोंड शिवलं जातं. बरोबर उत्तर आहे ७.

हे सांगून पटत नाही, म्हणून मी भाचीच्या कागदाला एक दुसरी कागदी पट्टीच जोडली. तुम्हीही हे करून पाहा. साधारण १५ सेंटिमीटर लांबीची पट्टी घ्या. वरच्या कडेपासून १, ४ आणि ७ सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा. आता पहिल्या रेघेवर पट्टी मागे दुमडा. मग ४ च्या रेघेवर पुन्हा मागे दुमडा. मागून पाहिलं तर पहिली दुमड बरोबर ७ च्या रेघेशी येऊन टेकलेली दिसेल. पिशवीचं तोंड ४ च्या रेघेवर आहे. नेफ्याची आतली भिंत १ ते ४ या भागाची आहे, आणि बाहेरची भिंत ४ ते ७ या भागाची. नेफा ३ सेंटिमीटरचा असला तरी त्याला कापड ६ सेंटिमीटर लागतं, कारण त्याला दोन भिंती आहेत. वर दुमडीचा एक. असे ७.

सगळा कागद या एका आकड्याभोवती उभा आहे. बाकी मापं थोडी इकडेतिकडे झाली तर पिशवी अर्धा सेंटिमीटर अरुंद होते, कुणाला कळतही नाही. इथे मात्र माप चुकलं की नाडी आतच जात नाही. म्हणून कागदावर ही ओळ मी जाड अक्षरात लिहिली. "वरच्या कच्च्या कडेपासून ७ सेंटिमीटरवर दोन्ही बाजूंना खडूनं खूण करा. शिलाई या खुणेपासून सुरू करून तळाच्या घडीपर्यंत न्या. खुणेच्या वर जाऊ नका."

"सुरू करून" हा शब्दही मुद्दाम आहे. तळापासून वर शिवत आलं तर मशीनच्या वेगात खूण ओलांडली जाते. खुणेवर सुई आधी हातचाकानं खाली टोचायची, मग कापड दाबणारा फूट खाली घ्यायचा, तीनचार टाके पुढे, तेवढेच मागे, आणि मग खाली सरळ तळापर्यंत. तळाला घडीच्या काठावर पोचल्यावर पुन्हा मागे-पुढे. फट जिथे संपते त्या बिंदूवर पिशवीचं तोंड उघडताना दरवेळी ताण येतो, आणि तिथे टाके पक्के नसतील तर शिलाई तिथूनच उसवत जाते.

त्याआधीचं एक काम राहिलं. शिलाई घालण्यापूर्वी तुकड्याच्या दोन्ही लांब कडा, म्हणजे ६८ सेंटिमीटरच्या, झिगझॅग टाक्यानं बांधून घ्यायच्या. मशीनमध्ये झिगझॅग नसेल तर हातानं कडेवरून वेढे घेत तिरके टाके घालायचे. कंटाळवाणं काम आहे, पण पिशवीच्या आतली सुतं निघत राहिली तर ती आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला चिकटतात, आणि नाडीत अडकतात ते वेगळंच. शिवणकाम थोडं येणारी मंडळी इथे विचारतात की फ्रेंच शिलाई का नाही, कडा आपोआप आत बंद होतील. बंद होतात खऱ्या. पण फ्रेंच शिलाईत दोन्ही मार्जिनं एकत्र गुंडाळली जातात, आणि आपल्याला तर फटीपाशी ती एकमेकांपासून सुटी करून दोन दिशांना उघडायची आहेत. तो सांधा जमवता येतो, पण त्याची कसरत पहिल्या पिशवीत नको.

बाजू शिवताना कापडाच्या सुलट्या बाजू एकमेकींसमोर ठेवायच्या, उलटी बाजू बाहेर. दीड सेंटिमीटरचं अंतर राखायला मशीनच्या सुईखालच्या धातूच्या पट्टीवर खुणा असतात. त्या अस्पष्ट असतील तर सुईपासून दीड सेंटिमीटर मोजून एक चिकटपट्टी लावायची आणि कापडाची कड तिला लावून चालवायची. नजर सुईकडे ठेवायची नाही, कडेकडे ठेवायची. सुईकडे बघत राहिलं की टीप हमखास नागमोडी जाते. टाक्याची लांबी अडीच मिलिमीटर आणि मध्यम जाडीच्या सुती कापडाला १४ नंबरची सुई, एवढं पुरेसं आहे. चिंधीवर टीप मारून पाहताना खालच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी दिसली तर बॉबिनशी झटापट करू नये. बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. फूट वर उचलून दोरा पूर्ण काढायचा आणि पहिल्यापासून ओवायचा.

मशीनच नसेल तर हातानंही ही पिशवी होते. बाजूंना बखिया घालायचा, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जायचं. नुसता धावदोरा घातला तर भार आल्यावर टाक्यांच्या मधून पिशवी उघडी पडते.

यानंतरच्या ओळीत शिवण्याचं काहीच नाही, फक्त इस्त्री आहे. आणि नेमकी हीच ओळ लोक गाळतात. बाजूच्या शिलाईचं मार्जिन दोन्हीकडे उघडून इस्त्रीनं चपटं बसवायचं. इस्त्री तशीच वर नेत ७ सेंटिमीटरच्या फटीतलं मार्जिनही त्याच सरळ रेषेत आत दुमडायचं, थेट कच्च्या कडेपर्यंत. फट आता एखाद्या चिरेसारखी दिसते, दोन्ही काठ सरळ आणि एकमेकांना टेकलेले. इस्त्री फिरवली नाही, तर पुढच्या टिपेला दुमड हातानं धरून ठेवावी लागते. एक हात कापड ढकलतोय, दुसरा दुमड सांभाळतोय, आणि मशीन चाललंय. सराव असलेल्यालाही ते नीट जमत नाही.

मग पिशवी त्या फटीशी पसरून धरायची आणि फटीच्या भोवती इंग्रजी यू अक्षरासारखी टीप मारायची. एका काठापासून एक सेंटिमीटर अंतर ठेवून वरून खाली यायचं, फट संपते त्याच्या अर्धा सेंटिमीटर खाली थांबायचं. सुई कापडात खुपसलेलीच ठेवून फूट उचलायचा, कापड वळवायचं, दोन सेंटिमीटर आडवं जायचं, पुन्हा वळवायचं आणि दुसऱ्या काठानं वर जायचं. त्या आडव्या टिपेवरून एकदा मागे येऊन पुन्हा पुढे गेलं तर उत्तम. फटीच्या टोकावर येणारा सगळा ताण ही आडवी टीप घेते. घाईत हे काम वगळलेल्या पिशव्या मी पाहिल्या आहेत. त्या ठरलेल्या जागी फाटतात, आणि कापड फाटलेलं असल्यानं पुन्हा शिवूनही नीट होत नाहीत.

आता नेफा. दोन्ही फटींमुळे पिशवीच्या तोंडाशी पुढचा पदर आणि मागचा पदर असे दोन सुटे भाग झाले आहेत. ते सुटेच राहायला हवेत. नेफा घालण्याआधी दोन्ही पदर एकावर एक ठेवून त्यांच्या वरच्या कडा जुळतात का बघायचं. दोनतीन मिलिमीटरचा फरक असेल तर आत्ताच जास्तीचं कापून टाकायचं. नंतर एका बाजूचा नेफा वर आणि एका बाजूचा खाली दिसला तर तो फरक पिशवी हातात घेणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

एक सेंटिमीटर कापडाच्या उलट्या बाजूला दुमडून इस्त्री, मग तीन सेंटिमीटर दुमडून पुन्हा इस्त्री. पट्टीनं मोजायचं, निदान तीन ठिकाणी, दोन टोकांना आणि मध्ये. टाचण्या दुमडीला आडव्या लावायच्या, म्हणजे टीप मारताना एकेक काढत जाता येते. पुढचा पदर मशीनवर घ्यायचा, मागचा पदर मागे वळवून पिशवीच्या अंगावर टाकायचा, आणि आतल्या दुमडीच्या काठापासून दोन मिलिमीटरवर फटीपासून फटीपर्यंत टीप मारायची. टोकांना मागे-पुढे. मग हेच दुसऱ्या पदराला. टीप सुरू करण्यापूर्वी हात खालून फिरवून बघायचा की खाली दुसरा पदर आलेला नाही ना. हा हात फिरवणं मी कागदावर वेगळी ओळ करून लिहिलं. पुढचा आणि मागचा पदर एकत्र शिवला गेला तर पिशवीचं तोंडच बंद होतं, आणि इतक्या थरांतून बारीक टाके उसवण्याइतकं वैतागाचं काम या सगळ्यात दुसरं नाही.

टीप दुमडीच्या काठापासून दोनच मिलिमीटरवर का, असं भाचीनं फोनवर विचारलं. पाच घेतलं तर बिघडतं काय? बिघडत काही नाही, पण नेफ्यातली मोकळी जागा कमी होते. आपल्या नेफ्यात आत्ता साधारण २.८ सेंटिमीटर जागा आहे आणि नाडी आहे एक सेंटिमीटरची. नेफा नाडीच्या दुपटीहून थोडा सैल असावा, असं मी धरते. घट्ट नेफ्यात नाडी ओवली जाते, पण ओढताना कापडाच्या चुण्या तिच्याभोवती दाटतात आणि ती मध्येच रुतते. फार सैलही नको, कारण मग चपटी नाडी आत पलटी खाते आणि पीळ पडतो.

आता पिशवी सुलटी करायची. नाडी ओवायला सेफ्टी पिन. नाडीच्या टोकाला ती लावायची आणि पूर्ण बंद करायची, कारण नेफ्याच्या मध्यावर पिन उघडली की ती कापडात घुसून बसते. पहिली नाडी उजव्या फटीतून पुढच्या नेफ्यात घालायची, डाव्या फटीतून बाहेर काढायची, लगेच मागच्या नेफ्यात शिरवायची आणि फिरून उजव्या फटीतच बाहेर आणायची. दोन्ही टोकं उजवीकडे आली, त्यांची गाठ मारायची. दुसरी नाडी डाव्या फटीतून याच वाटेनं पूर्ण फेरा घालून डावीकडेच बाहेर. पिन नेफ्यात पुढे सरकवताना दुसऱ्या हातानं पहिल्या नाडीची टोकं धरून ठेवायची, नाहीतर ती ओढली जाऊन आत गायब होते.

एक नाडी पुरत नाही का? पुरते, लहान बटव्याला तर छान पुरते. पण एकाच बाजूनं ओढल्यावर सगळ्या चुण्या तिकडे गोळा होतात, आणि पिशवी हातात धरली की तिरकी लटकते. दोन नाड्या दोन बाजूंना ओढल्या की तोंड मधोमध बंद होतं आणि चुण्या सगळीकडे सारख्या पसरतात. शिवाय दोन्ही गाठी धरून पिशवी उचलली की आतलं ओझंच तोंड घट्ट करतं.

पंचाहत्तर सेंटिमीटर हा आकडाही इथे तपासून घेता येतो. तोंड पूर्ण उघडं असताना प्रत्येक नाडीचे ५० सेंटिमीटर नेफ्यात असतात. उरलेल्या पंचविसातून गाठ वजा केली की प्रत्येक बाजूला साधारण दहा सेंटिमीटरचा फास उरतो, बोटं अडकवायला पुरेसा. नाडी याहून आखूड केली तर तोंड पूर्ण उघडताच गाठ फटीशी येऊन अडते. खूप लांब केली तर तोंड बंद केल्यावर दोन्हीकडे लांबलचक फास लोंबतात आणि कुठेतरी अडकतात.

ओवून झाल्यावर तोंड नीट मिटत नसेल तर तीनच कारणं शोधायची. एक, नाडी नेफ्याच्या टिपेत कुठेतरी शिवली गेली आहे. तयार नेफ्यात हे सहसा होत नाही, पण काहीजण नेफा शिवतानाच नाडी आत ठेवतात, त्यांच्या बाबतीत होतं. नेफा बोटांनी चाचपला की अडकलेली जागा सापडते. दोन, नेफ्याच्या आत मार्जिनची कड सुटून उभी राहिली आहे आणि नाडी तिला अडते. यू टीप व्यवस्थित असेल तर हे होत नाही. तीन, कापडच जाड आहे. जाड कॅनव्हासला चुण्या पडतच नाहीत, कितीही ओढलं तरी मध्ये बोट जाईल एवढं भोक राहतं. त्यावर शिवणकामात इलाज नाही, कापड मध्यम जाडीचं घ्यायला हवं होतं.

सातचा आकडा चुकलाच, शिलाई वरपर्यंत गेली आणि नेफाही घालून झाला, तरी सगळं उसवायची गरज नाही. नेफ्याच्या बाहेरच्या भिंतीवर बाजूची शिलाई दिसते. तिथे नेफ्याच्या मधल्या दोन सेंटिमीटरच्या दोन टोकांना आधी सुईदोऱ्यानं तीनचार पक्के टाके घालायचे आणि मग फक्त त्या दोघांमधले टाके उसवायचे. नाडीला तोंड मिळतं, बाकीची शिलाई सुटत नाही. हेच दुसऱ्या बाजूला. नाड्या मग या दोन तोंडांतून फेरा घालतात. वापरायला पिशवी तितकीच चांगली होते. उलट शिलाई फार खाली सुरू झाली, समजा ९ वर, तर नेफ्याखाली दोन सेंटिमीटरचं भोक राहतं आणि त्यातून लहान वस्तू सटकतात. ते तर बखिया घालून पाच मिनिटांत बंद होतं.

भाचीची पिशवी झाली. तिनं फोटो पाठवला आणि सोबत लगेच पुढची मागणी. तिला तळ बसका हवा होता, म्हणजे पिशवी उभी राहील. कागदावर मी तो भाग ठेवला नव्हता, कारण त्यानं मापं बदलतात. तळाचा कोपरा असा चपटा करायचा की बाजूची शिलाई तळाच्या घडीवर येईल आणि कोपऱ्याचा त्रिकोण होईल. टोकापासून ३ सेंटिमीटर आत, शिलाईला काटकोनात रेघ मारली तर ती ६ सेंटिमीटर लांब भरते. तिच्यावर दोनदा टीप मारायची. तळ ६ सेंटिमीटर खोल होतो, पण पिशवीची रुंदी २५ वरून १९ वर येते आणि उंची ३० वरून २७ वर. ज्याला २५ आणि ३० तशीच हवीत त्यानं कापतानाच रुंदीत ६ आणि तुकड्याच्या एकूण लांबीत ६ वाढवायचे, म्हणजे ३४ बाय ७४. नेफ्याच्या तोंडाचा घेर मात्र आता ६२ होतो, त्यामुळे प्रत्येक नाडी ८७ सेंटिमीटरची.

लहान पिशवी हवी असेल, समजा १५ रुंद आणि २० उंच, तर तीन सेंटिमीटरचा नेफा तिला थोराड दिसतो. तिथे नेफा २ सेंटिमीटरचा घ्यायचा आणि नाडी बारीक गोल दोरीची. रुंदी १५ अधिक ३, म्हणजे १८. टोकाला दुमडीचा १ आणि नेफ्याचे २ असे ३, म्हणून लांबी २३ दुणे ४६. नाडी १५ ची दुप्पट अधिक २५, म्हणजे ५५ च्या दोन. आणि बाजूची शिलाई सुरू करायची खूण आता सातवर नाही. दुमडीचा १ अधिक दोन भिंतींचे २ आणि २, म्हणजे वरच्या कच्च्या कडेपासून ५ सेंटिमीटरवर.